ॲप्रूव्हल होतं, पण नेमकं कशाचं? आमच्या चेंज तिकिटांच्या ऑडिटचा अनुभव

आमची कंपनी कर्ज देणाऱ्या संस्थांना सॉफ्टवेअर देते, पीककर्ज, बचत गट, ट्रॅक्टरचे हप्ते असलं सगळं त्यात चालतं, आणि मी दारव्ह्याकडच्या आमच्या खेड्यातूनच घरी बसून रिलीजचं काम पाहतो. प्रोडक्शनवर, म्हणजे क्लायंट रोज वापरतात त्या चालू सिस्टीमवर, काहीही टाकायचं तर आधी चेंज तिकीट काढायचं, त्यात काय बदललं, काऊन बदललं, टेस्टिंग कोणी केलं, बिघडलं तर मागं कसं न्यायचं हे लिहायचं, मंग कोणीतरी दुसऱ्यानं ॲप्रूव्ह करायचं आणि नंतरच डिप्लॉय. हे आम्ही वर्षानुवर्षं करून राहिलो होतो आणि आमचं मत असं की आपलं तं एकदम पक्कं आहे.

आमचा एक क्लायंट मोठी एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी वित्त कंपनी. रिझर्व्ह बँकेचं आयटी गव्हर्नन्सवालं २०२३ चं मास्टर डायरेक्शन १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, त्यात चेंज मॅनेजमेंटचा भाग आहेच, मंग क्लायंटनं आम्हाला सांगितलं की आमचे ऑडिटर तुमच्याकडेही येणार. आमच्या अकाउंट्सवाल्या दादांना वाटलं एडिट लॉगचं विचारतील, म्हणजे अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणती एंट्री कोणी कधी बदलली थे, जो १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीचा आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी त्याची अख्खी फाईल तयार ठेवली. पण ऑडिटला आलेल्या मॅडमना थे नको होतं. त्यांना पाहायचं होतं की हिशेब करणारा कोडच कोणी आणि कोणाच्या परवानगीनं बदलला.

मला वाटलं होतं मॅडम तिकिटांची यादी मागतील, त्यातली काही उघडून पाहतील, सगळ्यांवर हिरवं ॲप्रूव्ह्ड दिसेल आणि झालं. पण त्या सुरूच उलट्या बाजूनं झाल्या. म्हणाल्या, "तिकिटांची यादी राहू द्या, मला प्रोडक्शनवर १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ मध्ये जे जे गेलं त्याची यादी द्या." तिकिटावरून सुरुवात केली तं फक्त तिकीट असलेलेच बदल सापडतात ना, जे विनातिकीट गेलं थे त्या यादीत येणारच नाही, आणि त्यांना तर तेच शोधायचं असतं. ऐकल्यावर सोपं वाटते पण आम्ही आमचे अंतर्गत चेक नेहमी तिकिटावरून डिप्लॉयकडेच करत आलो होतो.

बरं यादी मी एक्सेलमध्ये काढून मेल करतो म्हटलं तं थेही चालेना. म्हणे माझ्यासमोर स्क्रीन शेअर करून काढा, कोणती क्वेरी लावली, तारखा कोणत्या टाकल्या, खाली एकूण किती आले हे सगळं एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे, मी त्याचा फोटो घेणार. काऊन तर तुम्ही फाईल बनवून दिली की त्यातून एखादी ओळ गाळली का हे मला कसं कळणार. त्यांचं बरोबरच होतं म्हणा, पण त्या दिवशी आमच्याकडे लाईन गेलेली, इन्व्हर्टर घरघर करत होतं आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर स्क्रीन शेअर अडकत अडकत चाललेलं, दोनदा कट झालं आणि दरवेळी त्यांनी क्वेरी पहिल्यापासून चालवायला लावली. मधला तुकडा त्यांनी पाहिलेला नव्हता ना.

डिप्लॉय निघाले ४१२. तिकिटं ३९८. मॅडम फक्त "हं" म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

त्या १४ चा फरक जुळवायला आम्ही सगळे बसलो. नऊ तर निव्वळ रीरन निघाले, म्हणजे डिप्लॉयचा जॉब मध्येच नेटवर्कमुळे पडला आणि कोणीतरी परत चालवला, तिकीट एकच पण लॉगमध्ये दोन ओळी. तीन इमर्जन्सीचे होते, ते वेगळ्या प्रकारच्या तिकिटात असल्यानं आमच्या मोजणीतून सुटले होते. उरलेल्या दोनाला खरंच तिकीट नव्हतं, दोन्ही लॉगिनच्या पानावरचा मजकूर बदलायचे होते, आणि ज्यानं केलं त्याला वाटलं हे काय चेंज आहे का. रीरनचं मॅडमनी लगेच मानलं नाही, प्रत्येकाचा पहिला रन पडल्याचा लॉग आणि दोन्ही रनमध्ये तेच बिल्ड होतं हे दाखवावं लागलं. त्या दोनाची मात्र त्रुटी म्हणून सरळ नोंद झाली, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मंग ४१२ मधून त्यांनी आपल्या मनानं २५ निवडले. त्यातला एक CHG-1186 आणि खरी गोष्ट तिथं आहे.

हा बदल होता दंडाच्या राऊंडिंगचा. हप्ता उशिरा भरला की दंड लागते, तो पैशांपर्यंत कसा गोल करायचा यात दोन जागी दोन पद्धती होत्या, म्हणून पावतीवर आणि खात्यात एका रुपयाच्या आत फरक यायचा. छोटंसं काम, पण पैशाचं असल्यानं नीट तिकीट काढलेलं, टेस्टिंगच्या ताईनं जुन्या खात्यांवर चालवून पाहिलेलं, लीडनं ॲप्रूव्ह केलेलं. मॅडमनी दोन वेळा शेजारी शेजारी लिहिल्या. तिकिटात ॲप्रूव्हल १८:४२. डिप्लॉयच्या लॉगमध्ये १५:४०. तारीख एकच.

"म्हणजे आधी डिप्लॉय आणि तीन तासांनी परवानगी?"

आमच्या लीडचा चेहराच उतरला. पण थे नव्हतं तसं. तिकिटाचं सॉफ्टवेअर ज्याच्या त्याच्या प्रोफाईलप्रमाणं भारतीय वेळ दाखवते आणि डिप्लॉयचा लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, लिहिला जाते, त्यात साडेपाच तास मिळवले की १५:४० चे २१:१० होतात. म्हणजे ॲप्रूव्हल १८:४२ ला, डिप्लॉय २१:१० ला, क्रम बरोबर. मॅडमना पटलं, पण म्हणाल्या हे मला तुम्ही तोंडी सांगून चालणार नाही, सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे आणि लॉग यूटीसीतच लिहिते याची सेटिंग दाखवा. दाखवली. आता आम्ही तिकिटात पाईपलाईन, म्हणजे बिल्ड आणि डिप्लॉय आपोआप करणारी यंत्रणा, जी वेळ टाकते तिच्यामागं +05:30 लावतोच, वाचणाऱ्याला बेरीज करायला लागू नये म्हणून.

इथंच एक दुसरी गोष्ट सांगून टाकतो, गिटमध्ये कोडच्या प्रत्येक बदलाची जी नोंद होते, म्हणजे कमिट, तिच्या वेळेवर पुरावा म्हणून जास्त भरवसा ठेवू नका. थे ज्याच्या त्याच्या लॅपटॉपचं घड्याळ असते आणि कोणीही पाहिजे थे टाकू शकते. गिटमध्ये लेखकाची तारीख आणि कमिटची तारीख अशा दोन वेगळ्या असतात, रीबेस केलं की पहिली जुनीच राहते आणि दुसरी नवी होते. ऑडिटसाठी पाईपलाईनच्या सर्व्हरनं लिहिलेली वेळ धरायची.

तर वेळेचं मिटलं असं वाटून आम्ही हुश्श केलं आणि मॅडमनी विचारलं, "ॲप्रूव्ह करताना कोणता कोड होता?"

तिकिटात पुल रिक्वेस्टची, म्हणजे हा बदल मुख्य कोडात घ्या या विनंतीची, लिंक होती. लिंक उघडली, त्यात कमिट पाहिले. १८:४२ ला ॲप्रूव्हल झालं तेव्हा शेवटचा कमिट होता 4e9c1a7. त्यानंतर १९:५५ ला आणखी एक आला, b03d5f2, आणि तोच प्रोडक्शनवर गेला. झालं असं होतं की ताईला ॲप्रूव्हलनंतर पावतीच्या छापाईत एक चूक दिसली, तिनं डेव्हलपरला सांगितलं, त्यानं एका ओळीत दुरुस्त केलं, ताईनं परत पाहिलं, लीडला व्हॉट्सॲपवर विचारलं, लीड तेव्हा शेतात कापसाच्या वेचणीवर मजुरांचा हिशेब करून राहिला होता, त्यानं लिहिलं "हो टाक". सगळ्यांनी आपापलं काम नीटच केलेलं. कोणाचा हेतू वाईट नाही, बदल योग्य, टेस्टिंग झालेलं, आणि तरी ऑडिटच्या नजरेनं पाहिलं तं प्रोडक्शनवर जे गेलं त्याला परवानगी नव्हती आणि ज्याला परवानगी होती थे कधी प्रोडक्शनवर गेलंच नाही.

डेव्हलपर पोरगा चिडला. "अहो मॅडम, एक ओळ होती ना फक्त." मॅडम शांतपणे म्हणाल्या, एक ओळ होती हे मला तुम्ही आज दाखवून राहिले, त्या दिवशी सिस्टीमला थे माहीत नव्हतं, एकच्या जागी चारशे ओळी असत्या तरी सिस्टीमनं जाऊ दिलंच असतं ना?

लीडनं मग व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट काढून दिला. त्यांनी घेतला, फाईलला लावला, पण मान्य केलं नाही. "हो टाक" हे कशाला हो, कोणत्या कमिटला, आणि हा नंबर त्याच माणसाचा आहे का, यातलं काहीच त्यातून सिद्ध होत नाही, शिवाय मेसेज डिलीटही होतो. माझ्या काकाला हे सगळं सांगितलं तं तो हसला, म्हणे जिनिंगच्या काट्यावर गाडीचं वजन झालं, पावती फाटली आणि नंतर गाडीत दोन गाठोडे आणखी टाकले तं त्या पावतीले कोण विचारते, परत काट्यावर चढवावीच लागते. मी थे उदाहरण नंतर टीममध्ये जसंच्या तसं सांगितलं, सगळ्या पॉलिसीच्या कागदांपेक्षा थेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

मंग दुरुस्ती. पहिल्यांदा आम्ही सोपं केलं, गिटहबमध्ये ब्रँच प्रोटेक्शनची सेटिंग आहे, नवा कमिट आला की जुनं ॲप्रूव्हल आपोआप रद्द होते, ती चालू केली. त्यानं पुल रिक्वेस्टचं ॲप्रूव्हल सुधारलं, पण तिकिटाचं वेगळंच राहिलं ना, तिकीट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून पाईपलाईनमध्ये एक तपासणी टाकली की तिकिटात ॲप्रूव्ह झालेला कमिट आणि आता डिप्लॉय होणारा कमिट एकच पाहिजे, नसेल तं थांब.

पहिल्याच संध्याकाळी सगळे डिप्लॉय अडले. एकही पुढं जाईना. कारण आम्ही स्क्वॉश मर्ज वापरतो, म्हणजे पुल रिक्वेस्टमधले सगळे कमिट गोळा करून मुख्य ब्रँचवर एकच नवा कमिट होते आणि त्याचा हॅश अर्थातच नवा असते. ॲप्रूव्ह केलेला हॅश मुख्य ब्रँचवर कधी येणारच नाही, कोड तोच असला तरी. एकानं लगेच सुचवलं की स्क्वॉश बंद करा, दुसरा म्हणे तपासणी ढिली करा. शेवटी आम्ही क्रमच बदलला. आधी कोड रिव्ह्यू होऊन मर्ज होते, मंग बिल्ड होऊन कंटेनर इमेज तयार होते, त्या इमेजचा sha256 डायजेस्ट, म्हणजे आतलं काहीही बदललं की बदलणारा तिचा ठसा, पाईपलाईन स्वतः तिकिटात लिहिते, टेस्टिंग त्याच इमेजवर होते, ॲप्रूव्हल त्या डायजेस्टला मिळते आणि डिप्लॉयच्या वेळी तोच डायजेस्ट जुळवला जाते:

```bash
WANT=$(jq -r '.approved_digest' ticket.json)
if [ "$WANT" != "$IMAGE_DIGEST" ]; then
  echo "approved digest and deploy digest do not match"
  exit 1
fi
```

यात हातानं लिहायचं काही उरलं नाही ही खरी सोय. आणि तिकिटाच्या वर्कफ्लोमध्ये असं लावलं की ॲप्रूव्हलनंतर डायजेस्टचं खानं बदललं की तिकीट आपोआप परत पेंडिंगला जाते. आता ताईला शेवटच्या क्षणी चूक दिसली तं नवं बिल्ड, नवा डायजेस्ट, परत ॲप्रूव्हल. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, लीड शेतात असला तरी मोबाईलवरून तिकिटातच ॲप्रूव्ह करते, फक्त टॉवर मिळाला पाहिजे. आमच्याकडे थे कधी कधी बांधावरच्या बाभळीजवळ जाऊन करावं लागते, पण होते.

दुसऱ्या फेरीत मॅडमनी हे पाहिलं आणि मला वाटलं आता खूश होतील. त्यांचा पहिला प्रश्न, "ही तपासणी लिहिलेली फाईल कुठं आहे?" ती होती त्याच रिपॉझिटरीत, कोडच्या शेजारी. म्हणजे ज्या डेव्हलपरला अडवायचं तोच ती फाईल बदलून तपासणीच्या ओळी काढून टाकू शकते, आणि तो बदल त्याच पुल रिक्वेस्टमध्ये इतर पन्नास फाईलींत लपून जाऊ शकते. हे ऐकून डेव्हलपर पोरगाच सगळ्यात आधी हसला, म्हणे हो ना राव. तपासणी मग वेगळ्या रिपॉझिटरीत गेली, तिथं फक्त प्लॅटफॉर्मच्या दोघांना लिहायचा अधिकार आणि त्यातल्या एकाचा बदल दुसऱ्यानंच पास करायचा.

पुढचा प्रश्न, कोणी लॅपटॉपवरून पाईपलाईनला टाळून थेट प्रोडक्शनवर टाकू शकते का? याचं उत्तर तोंडी चालत नाही, प्रोडक्शनच्या क्लस्टरवर लिहायचा अधिकार कोणाकोणाला आहे ती यादी काढून दाखवावी लागते. आमच्या यादीत एक जुना कर्मचारी निघाला, केव्हाचा कंपनी सोडून पुण्याला गेलेला. त्याचं खातं बंदच होतं, लॉगिन होत नव्हतं, पण अधिकार तसाच चिकटलेला. आता दर तीन महिन्यांनी ती यादी काढून लीडच्या सहीनं तिकिटाला लागते.

याचा एक फायदा मला आधी माहीत नव्हता. माणसानं करायचं काम असलं की ऑडिटर पंचवीस-पंचवीस नमुने पाहतात, पण सिस्टीम आपोआप अडवते असं असलं तं एक जुळणारा आणि एक न जुळणारा असं चालवून पाहिलं, सेटिंग पाहिली आणि ती सेटिंग वर्षभरात कोणी बदलली का थे तपासलं की त्यांचं काम होते. अट एकच, त्या तपासणीवर हात मारू शकणारे लोक मोजके आणि नोंदीत पाहिजेत. म्हणून तर त्यांना तपासणीपेक्षा तिच्या किल्लीत जास्त रस होता.

त्या तीन इमर्जन्सीचं राहिलं. सगळ्यात मोठी होती एका रात्रीची, हप्त्याच्या आठवणीचा एसएमएस कर्जदारांना दर काही मिनिटांनी जायला लागला, शेतकरी माणसं रात्री अकराला शाखेच्या साहेबाला फोन करून शिव्या देऊन राहिले होते की भरला ना बे हप्ता, किती वेळा मागता. ऑन-कॉलवाल्यानं इमर्जन्सीचं खातं उघडलं, एसएमएसचा शेड्युलर बंद करणारा बदल टाकला, तिकीट सकाळी काढलं. सकाळी कोणीतरी सुचवलं की तिकिटात वेळ रात्रीचीच टाकू, बरं दिसेल. लीड म्हणाला अजिबात नाही. आणि थेच वाचवून गेलं, कारण तिकीट कधी तयार झालं ही वेळ सिस्टीम वेगळी ठेवते आणि ती बदलता येत नाही, खान्यात रात्रीचे ११:२० आणि हिस्ट्रीत सकाळचे ९:२० असं दिसलं असतं तं बाकी सगळ्याच तिकिटांवर शंका आली असती. आमच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं आहे की इमर्जन्सीत काम आधी, तिकीट पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, तक्रारीचा इन्सिडेंट नंबर जोडायचा आणि मागाहूनची मंजुरी दुसऱ्या माणसानं द्यायची. सकाळी काढलेलं तिकीट त्यात बसत होतं, मॅडमनी पास केलं.

तिनातली दोन अशी सुटली. तिसऱ्यात ज्यानं टाकलं त्यानंच मागाहून मंजुरी दिली होती, कारण त्या आठवड्यात लीड सुट्टीवर आणि मंजुरीचा अधिकार त्याच्याकडे सोपवलेला. तो माणूस प्रामाणिक आहे याबद्दल कोणालाच शंका नव्हती, मॅडमलाही नव्हती, तरी त्रुटी लिहिली गेली. आता गिटहबच्या प्रोडक्शन एन्व्हायर्नमेंटवर स्वतःचं स्वतः मंजूर करायला बंदी घालणारी सेटिंग चालू आहे, आणि लीड सुट्टीवर गेला की दोन जणांना अधिकार द्यायचा, एकाला नाही. सहा जणांच्या टीममध्ये हे जड जाते. दिवाळीत तर ताईच्या सासरहून तिला फोन लावून तिकिटावर क्लिक करवून घेतलं, तिच्या नणंदेला वाटलं बँकेचा ओटीपी मागून राहिले.

आता बाकी आहे ते फीचर फ्लॅगचं. कोड महिनाभर आधीच सगळ्या मंजुऱ्या घेऊन प्रोडक्शनवर गेलेला असते पण बंद, आणि मंग एका दिवशी कोणीतरी ॲडमिनच्या पानावर एक बटण दाबून चालू करते, डिप्लॉयच्या लॉगमध्ये त्याचा पत्ताच नाही. दंडाची नवी पद्धत अशीच चालू झाली होती. डेटाबेसमध्ये हातानं चालवलेल्या दुरुस्तीच्या क्वेरीचंही तेच. मॅडमनी जाता जाता विचारलं की ४१२ मध्ये हे आले होते का, आणि आले नव्हते. फ्लॅग बदलल्याचा लॉग आमच्याकडे आहे, त्यात कोणी आणि कधी हे आहे, पण तिकिटाचा नंबर नाही, म्हणून सध्या मी त्या पानावर तिकीट नंबर टाकल्याशिवाय बटणच चालणार नाही असं करून राहिलो आहे. क्वेरीचं प्लॅटफॉर्मवाल्यांकडे दिलंय, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत हे दोन्ही धरायचे असं मॅडमनी लेखी मागितलं आहे.